ग्रेपफ्रूटचा रस आणि रक्तदाबाची गोळी
औषधाच्या दुकानातून : लेखांक ७

(आमच्या शेजारच्या काकू सध्या लेकीकडे कॅनडात आहेत. त्यांना पाठवलेलं हे पत्र त्यांच्या परवानगीनं इथे देत आहे.)

ती. काकूंना सादर प्रणाम.

तुम्ही पाठवलेला गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाहिला. फेलोडिपिन, ५ मिलिग्रॅम. सकाळी आठला गोळी, सोबत नाश्त्याला पेलाभर ग्रेपफ्रूटचा रस आणि अकराच्या सुमाराला चेहरा गरम, डोकं ठणकतंय, खुर्चीतून उठलं की चक्कर. ताईनं मोजलं तर वरचा आकडा ९८. तुमचा एरवी १३०च्या आसपास असतो. हा थकवा किंवा हवापालट नाही. माझा दाट संशय त्या रसावर आहे. आजपासून रस बंद करा. गोळी मात्र मनानं बंद करू नका. हे सगळं ताईला आजच तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा, पुढची गोळी कधी घ्यायची ते तेच ठरवतील. मध्ये भोवळ येऊन पडलात किंवा छातीत दुखलं, तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

आता हे होतं कसं, ते सांगते. गिळलेली गोळी सगळीच्या सगळी रक्तात पोचत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये ‘सीवायपी ३ए४’ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. जुन्या जकात नाक्यासारखं ते येणाऱ्या औषधाचा मोठा वाटा तिथंच कापून घेतं. उरलेल्यातला काही भाग यकृत मोडतं. फेलोडिपिनच्या बाबतीत ही कपात इतकी जबर असते की शंभरातले साधारण पंधरा भागच रक्तात उतरतात. म्हणजे तुमच्या ५ मिलिग्रॅममधला पाऊण मिलिग्रॅम. गोळीची मात्रा ठरवतानाच ही कपात हिशेबात धरलेली असते.

ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरॅनोकौमरिन गटातली द्रव्यं असतात, त्यांतलं एक बर्गामॉटिन. ती आतड्यातल्या या विकराला चिकटून त्याला कायमचं निकामी करतात. कपात थांबली की त्याच गोळीतून दुप्पट-तिप्पट औषध रक्तात जातं. तुम्ही गिळली पाचाची गोळी, पण शरीराला ती दहा-पंधराची वाटली. रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर सैलावल्या, म्हणून चेहरा गरम झाला, डोकं दुखलं आणि दाब घसरला.

तुम्ही विचारलंत, “रस सकाळी आणि गोळी रात्री घेतली तर?” नाही चालणार काकू, आणि पुष्कळ जण नेमके इथेच फसतात. रस आणि गोळी यांची पोटात गाठ पडावीच लागते असं नाही. निकामी झालेलं विकर दुरुस्त होत नाही. पेशींना ते नव्यानं तयार करावं लागतं, आणि घडी पुरती बसायला दोन-तीन दिवस जातात. शिवाय एवढ्यासाठी एक पेला पुरतो. आतड्यात हे विकर कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी असतं. म्हणून शेजारणीला तोच रस पचला यावरून तुमचा अंदाज बांधता येत नाही.

ही गोष्ट उजेडात आली तीही कॅनडातच. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिनवर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिलं. रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि ज्यांना नुसता रस दिला होता त्यांच्याही रक्तात तसंच. १९८९मध्ये हे प्रसिद्ध झालं. चव झाकायला घेतलेला रसच खरा कारणीभूत निघाला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता काकांच्या गोळ्यांचं. त्यांची अ‍ॅम्लोडिपिन त्याच घराण्यातली असली, तरी तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग एरवीही रक्तात पोचतो. कापायलाच फारसं नसल्यामुळे कपात थांबली तरी फरक थोडाच पडतो. त्यांच्या टेल्मिसार्टनला तर या रसाची बाधा होत नाही. पण ते कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन घेत असतील तर मला जरूर कळवा, कारण तिची गत फेलोडिपिनसारखीच होते. तेव्हा “रक्तदाबाची गोळी” एवढंच सांगून भागत नाही. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात असतं ते मूळ औषधाचं नाव पाहावं लागतं.

संत्र्याचा नेहमीचा रस आणि मोसंबी तुम्ही खुशाल घ्या. मुरंब्यासाठी वापरतात ती कडू संत्री मात्र टाळा. आणि गणपतीत इकडे याल तेव्हा पपनसही नको. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ आहे, आणि ती द्रव्यं पपनसातही असतात.

दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दाब मोजून ताईकडून आकडे कळवा, बसून एकदा आणि उभं राहून एकदा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची औषधवाली