अस्तराच्या ब्लाऊजमागचे चाळीस रुपये

शिलाईच्या दुकानात भाव वाढवायचा म्हटला की बहुतेक मालक दोनपैकी एक वाट धरतात. काही जण ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने’ असा कागद काउंटरवर चिकटवतात. काही जण कागदही लावत नाहीत आणि ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईला पैसे देताना वाढ कळते. दोन्हीकडे गिऱ्हाईक बोलत नाही, पण पुढची साडी दुसऱ्या दुकानात जाते. नीट सूचना लिहायची तर आधी एका ब्लाऊजचा हिशेब मांडावा लागतो.

समजा, एखाद्या उपनगरातल्या छोट्या दुकानात अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ४५० रुपये आहे. त्यातले १८० रुपये नगावर काम करणाऱ्या कारागिराचे, ५० अस्तराचे, १५ दोरा-हुकांचे आणि भाडे व विजेचा वाटा ९० रुपये. उरलेले ११५ मालकिणीचे. माप घेणे, बेतणे, कापणे आणि ट्रायल हे काम तिचे. आता कारागिराने नगामागे २० रुपये वाढवून मागितले, अस्तर १० रुपयांनी महागले, दोरा-हुक ३ रुपयांनी आणि भाड्या-विजेचा वाटा ७ रुपयांनी चढला. बेरीज ४० रुपये. शिलाई ४९० केली तरी मालकिणीच्या हाती ११५च राहतात. हे तिला स्वतःला ठाऊक असले, की सूचनेत महागाईच्या नावाने गळा काढावा लागत नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. फॉल-पिकोला अस्तर लागत नाही, आणि या दुकानात ते काम मालकीण स्वतः करते. मग तो दर का वाढवायचा? सरसकट सगळ्या दरांवर दहा टक्के चढवले, तर कारण खरे असूनही खोटे वाटते. जे वाढले नाही, तेही सूचनेत लिहावे.

वेळही महत्त्वाची. दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत लावलेला कागद अडवणुकीसारखा दिसतो, कारण तेव्हा बाईला दुसरा शिंपी शोधायला सवड नसते. आषाढात काम थंड असते. जुलैच्या सुरुवातीला सूचना आणि १ ऑगस्टपासून नवा दर, असे केले तर सणांच्या आधी विचार करायला महिना मिळतो.

मजकूर असा असू शकतो :

‘सप्रेम नमस्कार. १ ऑगस्टपासून अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ४५० ऐवजी ४९० रुपये होईल. वाढीतला निम्मा भाग कारागिरांच्या मजुरीचा आहे, बाकीचा अस्तर, दोरा-हुक आणि भाड्या-विजेचा. फॉल-पिकोचे दर तेच राहतील. ३१ जुलैपर्यंत कापड व माप दिलेल्यांना पावतीवरचाच दर लागेल. एका पावतीवर जास्तीत जास्त तीन ब्लाऊज. शिवलेला ब्लाऊज सहा महिन्यांत घट्ट-सैल करून देण्याचे पैसे पूर्वीप्रमाणेच घेणार नाही. आपण वर्षानुवर्षे येता आणि शेजारणींनाही पाठवता, त्यावर हे दुकान उभे आहे. मनापासून आभार.’

यातली तीन ब्लाऊजची अट नीट पाहा. ती नसेल तर शेवटच्या दोन दिवसांत एकेक बाई आठ-दहा पीस टाकून जाते. ते शिवले जातात ऑगस्टमध्ये, कारागिराला मजुरी नव्या दराने द्यावी लागते आणि जुन्या पावतीवरच्या प्रत्येक ब्लाऊजमागे मालकिणीचा वाटा घटतो. मग एखाद्या शिंप्याला ब्लाऊज देण्याची तारीख पुढे ढकलण्याचा मोह होतो, आणि जुन्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द तिथेच मोडतो.

नेहमीच्या बायकांना गुपचूप जुना दर लावणेही अंगाशी येते. एकाच सोसायटीतल्या दोघींनी पावत्या ताडून पाहिल्या की वाईटपणा ठरलेला. त्यापेक्षा घट्ट-सैल करण्याची सवलत बरी, कारण ती सगळ्यांना सारखी मिळते. मात्र ती पाळायची तर बाजूच्या शिवणीत पुरेशी माया सोडलेली हवी. कडेपर्यंत कापून टाकलेला ब्लाऊज नंतर सैल करता येत नाही.

दर तोच ठेवून काम उतरवणे, ही भाववाढच असते, फक्त न सांगितलेली. सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग बेतावे लागते. ते टाळले तर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. म्हणून चाळीस रुपये जास्त देणाऱ्या बाईने अस्तर भिजवून घेता का, हे जरूर विचारावे, आणि आतली शिवण उलटून माया किती सोडली आहे तेही पाहावे. सूचनेत हिशेब लिहिणाऱ्या दुकानाला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही.