क्रोमबुकला काय झेपतं, काय नाही

मुलांच्या अभ्यासासाठी वीस हजारांच्या आसपास लॅपटॉप मागितला, की दुकानदार साधारण दोन प्रकारची यंत्रं पुढ्यात ठेवतो. एक क्रोमबुक, दुसरा विंडोजचा स्वस्तातला लॅपटॉप. पेटीवरचे आकडे बहुधा सारखेच असतात : ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. पालक आकडे ताडून पाहतात, फरक दिसत नाही, आणि मग ‘विंडोज ओळखीचं आहे’ म्हणून ते उचलतात. या किमतीत तो निर्णय बरेचदा महागात पडतो.

कारण हे आकडे म्हणजे विंडोज ११ चालण्यासाठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान अट आहे. किमान म्हणजे चालू होईल एवढंच. त्यात विंडोज स्वतःच मोठी जागा व्यापतं, वर्षभरात अपडेट साचतात, आणि एखाद्या दिवशी ऑनलाइन तासाच्या ऐन वेळी यंत्र रेंगाळायला लागतं. क्रोमबुक २०११ साली बाजारात आलं ते वेगळ्या हिशेबाने. त्यातली क्रोमओएस ही प्रणाली हलकी आहे, कारण बहुतेक काम क्रोम ब्राउझरच्या आतच करायचं हे तिने गृहीत धरलेलं आहे. यंत्र काही सेकंदांत सुरू होतं. नवं अपडेट मागच्या बाजूला वेगळ्या कप्प्यात उतरतं आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना लागू होतं, त्यामुळे ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ असं म्हणत ते ताटकळत ठेवत नाही. आठवीपर्यंतच्या मुलाला जे लागतं, म्हणजे बालभारतीच्या पीडीएफ, दीक्षा, व्हिडिओ तास, गूगल क्लासरूम, स्क्रॅच, निबंध आणि सादरीकरणं, ते सगळं त्यावर व्यवस्थित होतं. नेट नसताना गूगल डॉक्समध्ये लिहिता येतं, पण ‘ऑफलाइन’ची सोय नेट असतानाच चालू करून ठेवायला हवी. हे बहुतेकांना वीज आणि राउटर दोन्ही गेल्यावर कळतं.

अडचण सुरू होते ती .exe पाशी. विंडोजसाठी बनवलेला कार्यक्रम याच नावाच्या फाइलमधून बसतो, आणि क्रोमबुक ही फाइल चालवत नाही. रॅम वाढवून किंवा महागडं क्रोमबुक घेऊन यात फरक पडत नाही. टॅलीप्राइम हा विंडोजचा कार्यक्रम आहे, त्यामुळे वाणिज्य शाखेचं पोर घरी टॅलीचा सराव करणार असेल तर क्रोमबुकचा विचार तिथेच थांबवावा. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसचंही तेच. वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमधून वापरता येतात, पण ती त्यांची वेबवरची आवृत्ती असते. तिच्यात मॅक्रो चालत नाहीत. शाळेने गुणपत्रकाची .xlsm फाइल पाठवली, तर ती उघडेल, आकडे दिसतील, फक्त ‘निकाल तयार करा’ हे बटण दाबून काही होणार नाही. काही परीक्षा घेणाऱ्या संस्था पडदा कुलूपबंद करणारं स्वतःचं सॉफ्टवेअर बसवायला सांगतात. त्यातलं सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतं, क्रोमओएसवर नाही.

मराठी घरांत आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी दुकानात कोणी बोलत नाही. युनिकोडमधली मराठी क्रोमबुकवर छान दिसते. पण आपल्याकडच्या किती तरी शाळांच्या प्रश्नपत्रिका अजून शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. विंडोजवर तो फाँट बसवला की काम भागतं. गूगल डॉक्समध्ये स्वतःचा फाँट चढवता येत नाही, म्हणून बाईंनी पाठवलेली सराव प्रश्नपत्रिका तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते. उपाय सोपा आहे : बाईंकडून वर्ड फाइलऐवजी पीडीएफ मागायची. पीडीएफमध्ये बहुधा फाँट सोबतच येतो. मात्र शिक्षक स्वतः यंत्र घेणार असतील आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या अशा फाइली असतील, तर त्यांनी विंडोजच घ्यावं.

आता जरा गुंतागुंतीचं उदाहरण घेऊ. सीबीएसईच्या बारावीला संगणकशास्त्र घेतलेल्या मुलीला पायथन आणि मायएसक्यूएल दोन्ही हवेत, शिवाय प्रात्यक्षिकात एकातून दुसऱ्याला जोडायचं असतं. क्रोमबुकवर हे जमतं, पण सरळ नाही. सेटिंग्जमध्ये About ChromeOS खाली Linux development environment असा पर्याय असतो. तो चालू केला की यंत्राच्या आत डेबियन लिनक्सचा एक वेगळा कप्पा तयार होतो आणि टर्मिनलची काळी खिडकी उघडते. तिथे हे टाइप करायचं :

```
sudo apt update
sudo apt install idle python3-venv mariadb-server
```

इथे मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी येतं. ते त्याचंच भावंड असल्याने शाळेतल्या SELECT, INSERT सारख्या आज्ञा जशाच्या तशा चालतात. पुढची ठेच mysql.connector बसवताना लागते. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे pip वापरलं, तर externally-managed-environment असा नकार येतो, आणि आधी venv करून त्याच्या आत ते बसवावं लागतं. वर्गातले बाकीचे विंडोजवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत असताना हिला हे एकटीने सोडवायचं आहे. खटपटीची आवड असेल तर ती यातून बरंच शिकेल. नसेल तर प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री रडेल. हा लिनक्सचा कप्पा बऱ्यापैकी जागा मागतो, त्यामुळे ३२ जीबीच्या यंत्रावर त्याच्या नादी लागू नये.

शाळेने दिलेलं क्रोमबुक असेल तर हा मार्गही बंद असू शकतो. अशा यंत्रांचा ताबा शाळेच्या अॅडमिनकडे असतो, आणि लिनक्स किंवा प्ले स्टोअर मिळेल की नाही हे तोच ठरवतो. यंत्र पूर्ण पुसून नव्याने सुरू केलं तरी ते पुन्हा शाळेच्याच खात्याला जोडलं जातं. शाळांना क्रोमबुक आवडतं ते मुख्यतः या नियंत्रणामुळे.

विंडोज घेऊनही एका बाबतीत फसगत होते. काही स्वस्त लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये येतात, आणि त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. म्हणजे टॅलीसाठी विंडोज घेतलं आणि टॅलीच बसेना! सेटिंग्जमधून हा मोड फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत जाता येत नाही.

आपल्या मुलाला क्रोमबुक पुरेल का, हे पैसे देण्याआधी तपासता येतं. घरी किंवा शेजारी असलेल्या विंडोज संगणकावर आठवडाभर त्याला फक्त क्रोम उघडून सगळा अभ्यास करायला सांगा. क्रोमच्या बाहेर जावं लागलं की कशासाठी ते कागदावर लिहायचं. घरचा जुना लेसर प्रिंटरही त्या कागदावर टाका, कारण ज्यांना कंपनीचा खास विंडोज ड्रायव्हर लागतो असे प्रिंटर क्रोमबुक बहुधा ओळखत नाही. कागद कोरा राहिला तर क्रोमबुक घ्या. त्यावर टॅली, अॅक्सेस किंवा एखादी .exe आली, तर थोडे पैसे आणखी साठवून ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप घेणं बरं.

जुनं क्रोमबुक घेत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. प्रत्येक मॉडेलला सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळणार हे ठरलेलं असतं. २०२१ पासूनच्या मॉडेलांना ही मुदत १० वर्षांची आहे, पण ती मोजतात त्या जातीचं यंत्र बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. About ChromeOS मध्ये Additional details उघडलं की शेवटचा महिना आणि वर्ष लिहिलेलं सापडतं. विकणाऱ्याला समोरच ते पान उघडायला सांगा.