नवनियुक्त औषध-विक्री प्रतिनिधीचे पहिले नव्वद दिवस : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

विज्ञान, वाणिज्य व औषधनिर्माणशास्त्र शाखांतील अनेक पदवीधर पहिली नोकरी म्हणून औषध कंपनीतील वैद्यकीय प्रतिनिधीचे, म्हणजेच व्यवहारातील 'एम.आर.'चे, काम स्वीकारतात. रुजू झाल्यावर त्यांना पूर्वीच्या प्रतिनिधीचे क्षेत्र आणि त्याचेच विक्री-लक्ष्य मिळते. मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांतील विक्री ही बहुतांशी पूर्वीच्या प्रतिनिधीच्या कामाची असते. रक्तदाब वा मधुमेहाचे औषध डॉक्टर महिनोन्‌महिने तेच लिहीत राहतात. त्यामुळे या काळात कोणता आकडा मोजावा, हा नियोजनातील कळीचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

१) उत्पादन-अध्ययन (दिवस १ ते १५) :

प्रारंभीच्या वर्गप्रशिक्षणात शरीररचना, संबंधित आजार, औषधाची क्रिया, मात्रा, दुष्परिणाम, औषध कोणास देऊ नये आणि स्पर्धक ब्रँड, असा क्रम उपयुक्त ठरतो. येथे पाठांतर ही मोठी उणीव राहते. डॉक्टरांनी मध्येच "मूत्रपिंडाच्या रुग्णाला चालेल का?" असे विचारले की पाठ केलेले निवेदन कोलमडते. म्हणून परीक्षा अखंड निवेदनाची न घेता, मध्येच अडवून विचारलेल्या प्रश्नांची घ्यावी. उत्तर माहीत नसल्यास ते मान्य करून, नंतर लेखी माहिती आणून देण्याची सवयही याच वेळी लावावी. औषधविपणनाची २०२४ ची एकरूप आचारसंहिता डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई करते आणि मोफत नमुन्यांवर मर्यादा घालते. त्यामुळे प्रतिनिधीचे ज्ञान हेच त्याचे मुख्य साधन उरते.

२) सहकार्य-भ्रमण (दिवस १६ ते ४५) :

व्यवस्थापक किंवा अनुभवी प्रतिनिधीसमवेत केलेल्या भेटींना 'जॉइंट वर्क' म्हणतात. त्याचे तीन टप्पे असावेत. प्रथम नवागताने केवळ निरीक्षण करावे, नंतर एका औषधाची माहिती स्वतः द्यावी आणि अखेरीस पूर्ण भेट त्यानेच पार पाडावी. या शेवटच्या टप्प्यात व्यवस्थापकाने मौन पाळणे आवश्यक असते. प्रत्यक्षात लक्ष्याच्या दडपणामुळे व्यवस्थापकच बोलतो, डॉक्टर जुन्या परिचयामुळे होकार देतात आणि नवागत तयार झाल्याचा भास होतो.

मुंबई उपनगरांत क्षेत्राची आखणीही महत्त्वाची आहे. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर जवळ भासले, तरी मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत व लोकलचे मार्गही भिन्न आहेत. एकाच दिवशी दोन्हीकडे भेटी ठेवल्यास दिवस प्रवासातच जातो. म्हणून कांदिवली-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंड अशी एकाच रेल्वेमार्गावरील साखळी नवागतास द्यावी. त्याच्या यादीत १२० डॉक्टर असून प्रत्येकाची महिन्यात दोनदा भेट अपेक्षित असेल, तर २४ कामाच्या दिवसांत रोज दहा भेटी होतात. सकाळचे व सायंकाळचे दवाखाने एकाच पट्ट्यात असतील तरच हे गणित जुळते.

३) प्रारंभिक लक्ष्ये (दिवस ४६ ते ९०) :

कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेला माल ही प्रायमरी विक्री, तर स्टॉकिस्टकडून औषध दुकानांत गेलेला माल ही सेकंडरी विक्री होय. नवागतावर प्रायमरी लक्ष्य लादल्यास काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. बोरिवलीतील एका स्टॉकिस्टकडे महिन्यारंभी एका औषधाच्या २०० स्ट्रिप्स आहेत. एरवी तो महिन्याला सुमारे २५० स्ट्रिप्स घेतो. महिनाअखेरीस नवागताने विनवणी करून त्याला ५०० घ्यायला लावल्या. कागदावर विक्री दुप्पट झाली. परंतु अखेरचा साठा ४५० आहे.

सेकंडरी विक्री = आरंभीचा साठा + खरेदी − अखेरचा साठा = २०० + ५०० − ४५० = २५०

म्हणजे दुकानांकडे जाणारा माल वाढलेलाच नाही. उलट जवळपास दोन महिन्यांचा साठा पडून आहे. पुढील महिन्यात मागणी घटेल, आणि मुदत संपत आल्यास माल परतही येईल. तेव्हा उत्तर द्यावे लागते ते नवागतालाच.

यास्तव ४६ ते ६० या दिवसांत ठरलेल्या डॉक्टरांपैकी किती जणांची भेट झाली, हेच मोजावे. ६१ ते ७५ या काळात डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषध येऊ लागले काय, हे दवाखान्यालगतच्या दुकानांत विचारावे. या पाहणीस व्यवसायात 'आरसीपीए' म्हणतात. दुकानदाराचे उत्तर अंदाजी असते, म्हणून एका डॉक्टरामागे दोन दुकानांत चौकशी करावी. व्यवस्थापक सोबत नसलेल्या भेटींनंतरही नव्या चिठ्ठ्या दिसल्या, तर सहकार्य-भ्रमण फळास आले असे समजावे. अखेरच्या पंधरवड्यात सेकंडरी विक्रीचे माफक लक्ष्य द्यावे. ते पूर्वीच्या सरासरीइतकेच असावे, कारण जुने डॉक्टर टिकवणे हेही या काळातील यशच आहे.

निष्कर्ष :

भेट, चिठ्ठी आणि सेकंडरी विक्री या क्रमाने मोजमाप केल्यास नवागताचे शिकणे आणि पूर्वीच्या प्रतिनिधीचे संचित वेगळे ओळखता येते. मात्र दीर्घकालीन आजारांच्या औषधांत चिठ्ठी बदलण्यास नव्वद दिवसही अपुरे पडू शकतात. अशा वेळी तेथील नवागताचे मूल्यमापन विक्रीवरून न करता पहिल्या दोन निकषांवरच करणे न्याय्य ठरेल.