पाटीवर नेमकं काय लिहावं?

सहा महिन्यांचा समुपदेशनाचा कोर्स केलेल्या ताईंनी दारावर ‘मानसशास्त्रज्ञ व थेरपिस्ट’ अशी पाटी लावली, तर येणाऱ्याची फसगत होते. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यामागे सहसा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि पुढे देखरेखीखाली रुग्ण हाताळण्याचं पूर्णवेळ प्रशिक्षण असतं. नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा.

मग प्रमाणपत्रवाल्यांनी काय करावं? समजा, दहावीतला मुलगा परीक्षेच्या धास्तीने आला. त्याचं शांतपणे ऐकणं, अभ्यासाचं वेळापत्रक बसवणं, आईवडिलांशी बोलणं जुळवून देणं, हे त्या करू शकतात, आणि ते मोलाचं काम आहे. पण तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, ‘झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही’, तर ‘डिप्रेशन आहे’ असं निदान त्यांनी करू नये. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावं, त्याला एकटं सोडू नये, पालकांना बोलावून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं.

पाटीवर ‘समुपदेशक’, खाली कोर्सचं नाव आणि कालावधी. पहिल्याच भेटीत सांगावं: ‘मी आजाराचं निदान करत नाही, बुद्ध्यांकाचा अहवालही देत नाही.’