एलयूटीचं पान डिसेंबरात लिहा

लहान सल्लागार फर्मच्या संकेतस्थळावरचा ब्लॉग उघडला की बहुधा सारखंच दृश्य दिसतं. सगळ्यात वर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा, खाली ‘जीएसटी म्हणजे काय?’, त्याच्या खाली नव्या कार्यालयाच्या उद्घाटनाचे फोटो, आणि पुढे शुकशुकाट. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने जाता जाता सांगितलेलं असतं, ‘आठवड्याला एक ब्लॉग टाका, गूगलवर वर याल.’ दोन महिने लेख पडतात. मग जुलै उजाडतो, रिटर्नची गर्दी सुरू होते आणि ब्लॉग जो बंद पडतो तो पडतोच.

बंद पडला नसता तरी फारसं काही हाती लागलं नसतं. ‘जीएसटी म्हणजे काय’ या शोधासाठी सरकारी पोर्टल, बँका आणि करविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या मोठ्या कंपन्या आधीच ठाण मांडून बसल्या आहेत. शिवाय हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असतो. त्याला व्याख्या हवी असते, सल्लागार नको असतो. मग लहान फर्मने लिहायचं काय, आणि कधी?

हे नीट कळण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या पाहण्यातली फर्म घेऊ. नाशिकमध्ये एक सीए, एक अकाउंटंट आणि आर्टिकलशिप करणारा एक मुलगा, एवढाच कारभार. क्लायंट म्हणजे परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअर किंवा डिझाइनचं काम करून देणारे फ्रीलान्सर आणि पाच-दहा माणसांच्या छोट्या कंपन्या. या फर्मसाठी विषयांची सगळ्यात चांगली खाण कुठल्याही महागड्या साधनात नाही. ती कार्यालयाच्या मेलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. आर्टिकलशिपच्या मुलाला दोन दुपारी बसवून वर्षभरात क्लायंटनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका शीटमध्ये उतरवून घ्यायचे आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या महिन्यात आला ते लिहायचं. हा महिन्याचा रकाना पुढे फार कामाला येतो.

या यादीत एक विषय पुन्हा पुन्हा दिसेल: एलयूटी, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंग. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात ठरली की तिच्यावर जीएसटीचा दर शून्य असतो. पण बिनकराचं बिल काढायचं तर जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म भरून सरकारला हमी द्यावी लागते. ती नसेल तर आधी कर भरा आणि मागाहून परतावा मागा. बहुतेक सेवांवर हा दर १८ टक्के आहे, त्यामुळे लहान धंद्याचे बरेच पैसे अडकतात. गोम अशी, की ही हमी एका आर्थिक वर्षापुरतीच चालते. ३१ मार्च उलटला की ती संपली, पुढच्या वर्षासाठी नवी भरायची.

आता शीटमधल्या तारखा पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्लायंट विचारतात, ‘एलयूटी कशी भरायची?’ एप्रिल-मेमध्ये तोच विषय वेगळ्या सुरात येतो: ‘भरायची राहिली आणि दोन बिलंही काढून बसलो, आता काय?’ आणि अधूनमधून, वर्षभर: ‘ग्राहकाने वर्ष झालं तरी पैसे दिले नाहीत, मग?’ विषय एक असला तरी विचारणारी माणसं तीन आहेत. पहिल्याला फॉर्म भरायची रीत हवी आहे आणि ती तो स्वतः पार पाडू शकतो. दुसरा घाबरलेला आहे. तिसऱ्याला सीजीएसटी नियम ९६-अ गाठतो आहे. सेवेच्या बिलापासून ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर कर व्याजासह भरावा लागतो, अशी तरतूद त्यात आहे. फोन उचलून फी विचारण्याची शक्यता दुसऱ्या आणि तिसऱ्याची जास्त, आणि मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नेमकं याच दोघांसाठी कमी लिहिलेलं असतं.

म्हणून इथे तीन पानं लागतात. पहिल्यावर फॉर्मच्या पायऱ्या येतील, पण त्या सगळीकडेच मिळतात. या फर्मचं वेगळेपण पुढच्या बारकाव्यांत आहे: फॉर्ममध्ये दोन साक्षीदारांची नावं, व्यवसाय आणि पत्ते लागतात, ते आधीच जमवून ठेवा. डिजिटल सहीची मुदत संपली नाही ना, ते पाहा. फॉर्म भरल्यावर एआरएन क्रमांक मिळाला की हमी स्वीकारली गेली असं मानलं जातं, मंजुरीच्या पत्राची वाट पाहत बसायचं कारण नाही. दुसऱ्या पानावर धीर देणारी आणि खरी माहिती: मार्च २०१८च्या परिपत्रकानुसार, हमीपत्र भरायला झालेला उशीर प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहून माफ करता येतो. ही सवलत आहे, हक्क नाही, हेही तिथेच लिहायला हवं. साक्षीदारांबद्दल मात्र चौथं पान काढू नये. तो पहिल्या पानातलाच एक परिच्छेद आहे, आणि त्याचं वेगळं पान केलं तर एकाच फर्मची दोन पानं एकाच शोधासाठी एकमेकांशी भांडत बसतील.

लेख किती शब्दांचा असावा, हा प्रश्न हमखास येतो. गूगलने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की शब्दसंख्येची कोणतीही पसंती त्यांना नाही. उशीर झालेल्याचं पान सहाशे शब्दांत संपत असेल तर संपू द्यावं.

खरी कसरत वेळेची आहे. लोक सर्वाधिक शोधतात ते मुदतीच्या तोंडावर, आणि नेमक्या त्याच दिवसांत सीएच्या कार्यालयात चहा प्यायलाही कुणाला फुरसत नसते. जीएसटीचं मासिक काम ११ आणि २० तारखेला, आगाऊ कराचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला, शिवाय पावसाळाभर आयकर रिटर्न आणि ऑडिट. त्यात नवं पान टाकल्या टाकल्या गूगलवर दिसत नाही. बदलाचा परिणाम काही तासांतही दिसू शकतो, काही महिनेही लागू शकतात, असं गूगलच सांगतं. नव्या आणि फारशा कुणी दुवा न दिलेल्या संकेतस्थळाने महिन्यांचाच हिशोब धरावा.

त्यामुळे वेळापत्रक उलट्या बाजूने मांडावं लागतं. मार्चमध्ये शोधलं जाणारं एलयूटीचं पान डिसेंबरच्या पूर्वार्धात लिहून चढवायचं. ‘राहून गेली’चं पान जानेवारीत. फेब्रुवारीत दोन्ही तपासायची, पोर्टलवरचा पडदा बदलला असेल तर चित्रं नवी टाकायची. जुलै ते ऑक्टोबर या काळात शीटमध्ये नवा लेख एकही नको, फक्त चुकीची झालेली तारीख दुरुस्त करण्यापुरती जागा ठेवायची. तारखा बदलतातच. २०२५मध्ये ऑडिट नसलेल्यांच्या आयकर रिटर्नची ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस वाढली. ज्यांनी ३१ जुलै ही तारीख दहा लेखांत पेरून ठेवली होती, त्यांना दहा ठिकाणी धावावं लागलं. तारीख एकाच पानावर लिहून बाकीच्यांनी तिकडे बोट दाखवावं, हे शहाणपणाचं. बाकीच्या महिन्यांत एक नवं पान आणि एका जुन्या पानाची डागडुजी, एवढं या तिघांना झेपतं.

पानाचा पत्ता ही दिसायला क्षुल्लक बाब आहे, पण पुढे बरीच महागात पडते. अनेक फर्म दरवर्षी नवा लेख काढतात आणि पत्त्यात वर्ष घालतात:

```
/blog/2025/03/lut-fy-2025-26
```

चार वर्षांत चार पानं होतात आणि गूगल कधीकधी त्यातलं सर्वात जुनंच वर दाखवतं, कारण दुवे त्यालाच मिळालेले असतात. त्याऐवजी असा पत्ता घ्यावा:

```
/gst/lut-for-export-of-services
```

वर्ष शीर्षकात आणि मजकुरात बदलायचं, पत्ता तोच. जुनी पानं असतील तर 301 प्रकारच्या कायमच्या पुनर्निर्देशनाने या एका पत्त्यावर आणून सोडायची. फक्त वरची तारीख बदलून पान ताजं भासवण्याचा मोह मात्र आवरावा. मजकूर तोच ठेवून तारखेची रंगसफेदी करणं ही गूगलच्या सूचनांत धोक्याची खूण म्हणून नोंदलेली आहे, आणि वाचकालाही ती दुसऱ्या परिच्छेदात कळते.

पान चढलं की तीन-चार महिन्यांनी सर्च कन्सोल उघडायचा. हे गूगलचं फुकट साधन आहे, त्यात मागच्या १६ महिन्यांची नोंद मिळते. समजा, मार्चअखेर दिसतं की एलयूटीचं पान नऊशे वेळा शोधनिकालांत आलं आणि क्लिक झाले फक्त सहा. लगेच कपाळाला हात लावू नये. आधी त्या पानावर आणणारे शोध पाहावेत. त्यातले बहुतेक ‘एलयूटीचा फुल फॉर्म’ असे असतील तर ते सहा क्लिकच खरे गिऱ्हाईक, बाकी गर्दी विद्यार्थ्यांची. शोध योग्य असतील पण सरासरी क्रमांक चौदाच्या आसपास असेल, तर पान दिसतंय पण खाली. तेव्हा मजकुरात काय राहिलं ते शोधावं आणि सेवांच्या मुख्य पानावरून त्याला दुवा द्यावा. क्रमांक चार-पाच असूनही कुणी येत नसेल, तर दोष शीर्षकाचा. ‘एलयूटीविषयी सर्व काही’पेक्षा ‘एलयूटी राहून गेली? एप्रिलमधल्या बिलांचं काय करायचं’ हे घाबरलेल्या माणसाला लवकर दिसतं.

इथे दोन चकवे आहेत. फार मोजक्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं, त्यामुळे शोधांच्या यादीतली बेरीज आणि वरचा एकूण आकडा जुळत नाही. लहान फर्मच्या कामाचे शोध बऱ्याचदा याच लपलेल्या ढिगात असतात. दुसरं, मे महिन्यात आकडे कोसळले म्हणून ब्लॉग फसला असं ठरवू नये. एलयूटीचा मोसमच संपलेला असतो. तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या मेशी.

सीएंना आणखी एक मर्यादा आहे. १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार जाहिरात करून काम मागणं हे गैरवर्तन ठरू शकतं. त्यामुळे लेखाखाली ‘आजच फोन करा, खात्रीशीर परतावा’ अशी पाटी लावण्याआधी संस्थेची संकेतस्थळाविषयीची सध्याची नियमावली वाचावी. विषयाची माहिती देणारा लेख आणि लिहिणाऱ्याची पात्रता एवढं पुरतं.

शीटमध्ये एक रकाना अनेकजण विसरतात: मजकूर कोणत्या कलमावर, नियमावर किंवा परिपत्रकावर उभा आहे. त्याची किंमत नव्या आयकर कायद्याने दाखवून दिली. २०२५चा हा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला, कलमांची संख्या ८१९वरून ५३६वर आली, क्रमांक बदलले आणि ‘आकारणी वर्षा’च्या जागी ‘कर वर्ष’ आलं. ज्यांच्या शीटमध्ये हा रकाना होता, त्यांना आयकराची सगळी पानं एका फिल्टरमध्ये मिळाली. ती दुरुस्त करताना जुना क्रमांक खोडून टाकायचा नाही. लोकांच्या तोंडी अजून ‘८०-सी’च आहे आणि शोधताना ते तेच लिहितात. म्हणून नव्या क्रमांकाशेजारी जुनाही ठेवायचा, आणि तो कधी काढायचा ते सर्च कन्सोलमधल्या शोधांवरून ठरवायचं.