रडीचा डाव की खरा डाव? ‘रॉजर ॲक्रॉइड’चा शेवट तपासताना

आधीच सांगून ठेवते, या लेखात ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (1926) या कादंबरीचा शेवट फोडलेला आहे. वाचली नसेल तर आधी ती वाचून या.

रहस्यकथेचा शेवट धक्का देऊन गेला की आपण दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. “काय जबरदस्त!” किंवा “हा रडीचा डाव आहे.” दोन्ही वेळा आपण बोलतोय आपल्या भावनेबद्दल. पुस्तकात नेमकं काय होतं, हे अजून तपासलेलंच नसतं. ते तपासायचं कसं, हा आजचा विषय. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, साहित्याची नाही. पण या प्रश्नात मी जी चूक केली ती मला माझ्या प्रयोगशाळेतून चांगलीच ओळखीची होती, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी कथा थोडक्यात. किंग्ज ॲबट नावाचं इंग्लंडमधलं खेडं. तिथला श्रीमंत माणूस रॉजर ॲक्रॉइड आपल्या अभ्यासिकेत सुऱ्याने भोसकलेला सापडतो. त्याआधी मिसेस फेरर्स या विधवेने आत्महत्या केलेली असते. तिने नवऱ्याला विष घातलं होतं आणि ते कळलेला कोणीतरी तिच्याकडून पैसे उकळत होता. त्या माणसाचं नाव तिने मरण्यापूर्वी ॲक्रॉइडला पत्राने कळवलेलं असतं. गावचा डॉक्टर शेपर्ड ही सगळी हकिगत आपल्याला सांगतो. पॉयरोचा नेहमीचा सोबती हेस्टिंग्ज अर्जेंटिनात आहे, त्यामुळे त्याच्या जागी शेपर्ड येऊन बसतो. आणि शेवटी कळतं की पैसे उकळणारा आणि खुनी हा शेपर्डच.

पुस्तक आलं तेव्हाही यावर भांडणं झाली. पुढे रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यात एक असा आहे की गुप्तहेराच्या सोबत्याने मनात आलेलं काहीही वाचकापासून लपवू नये. शेपर्ड हा नियम सरळ मोडतो. डोरोथी सेयर्ससारख्या लेखिकेने मात्र ख्रिस्तीची बाजू घेतली. तिचं म्हणणं, वाचकाने सगळ्यांवरच संशय घ्यायला हवा.

मी दुसऱ्यांदा पुस्तक वाचलं तेव्हा पेन्सिल घेऊन बसले. शेवट माहीत होता, त्यामुळे पंधरा-वीस ठिकाणी खुणा झाल्या. शेपर्डने आपल्याला वारसाहक्काने मिळालेले पैसे सोन्याच्या खाणीच्या शेअरमध्ये बुडाल्याचं पॉयरोला सांगितलंय, ही एक खूण. त्याला यंत्रांशी खटपट करायची आवड आहे, ही दुसरी. वाटलं, किती क्लू आहेत! शेवट अगदी प्रामाणिक आहे.

मग मी तेच पुस्तक लॅबमधल्या एका मैत्रिणीला दिलं, शेवटची प्रकरणं क्लिप लावून बंद करून. पॉयरो सगळ्यांना घरी बोलावतो, मग एकेकाला निरोप देतो आणि शेपर्ड एकटा मागे राहतो, तिथे थांबायचं आणि खुनी कोण ते कागदावर कारणासकट लिहून द्यायचं. तिने लिहिलं, जॉफ्री रेमंड, म्हणजे ॲक्रॉइडचा सेक्रेटरी. आणि तिची कारणं माझ्या खुणांशी बरीचशी जुळत होती! रेमंड कर्जात होता हे तो स्वतःच कबूल करतो. डिक्टाफोन विकणारा माणूस ॲक्रॉइडकडे येऊन गेला होता, हे रेमंडला माहीत होतं. साडेनऊला बंद दाराआडून ॲक्रॉइडचा आवाज ऐकल्याचं रेमंडच सांगतो. ते बोलणं समोरच्या माणसाशी बोलल्यासारखं नसून पत्र सांगितल्यासारखं ठोकळेबाज होतं, म्हणजे तो यंत्रातून येणारा आवाज असू शकतो, हेही तिने ओळखलं होतं. फक्त माणूस चुकला.

इथे माझी चूक कळते. उत्तर हातात असताना क्लू शोधायला गेलं की सगळीकडे क्लूच दिसतात. प्रयोगात कंट्रोल न ठेवता निकाल वाचल्यासारखंच ते. म्हणून प्रत्येक खुणेपुढे मी एक प्रश्न लिहिला: रेमंड खुनी असता तरी हे असंच दिसलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं की ती खूण खोडायची. पैशांची चणचण? रेमंडलाही होती. बटलर पार्करने तर आधीच्या मालकाकडूनही पैसे उकळले होते. खोडा. डिक्टाफोन? खोडा. खिडकीच्या चौकटीवरचे राल्फ पेटनच्या बुटांचे ठसे? ते कोणीही मुद्दाम उमटवू शकतो. खोडा. असं करत गेले आणि यादी भराभर रिकामी झाली.

शेवटी जे उरलं त्यात सर्वांत वजनदार आहे तो टेलिफोन. रात्री सव्वादहाला शेपर्डच्या घरी फोन वाजतो. पार्करने ॲक्रॉइडचा खून झाल्याचं कळवलं, असं सांगून शेपर्ड फर्नलीला धावतो. पार्कर म्हणतो, मी फोन केलाच नाही. तपासात कळतं की फोन किंग्ज ॲबटच्या रेल्वे स्टेशनवरून झाला, आणि 10:23 ला तिथून रात्रीची मेलगाडी सुटते. आता विचार करा, असा फोन कोणाच्या फायद्याचा? त्याचा परिणाम एवढाच, की प्रेत सकाळऐवजी त्याच रात्री सापडलं. रेमंड, पार्कर, पाहुणा मेजर ब्लंट, घरातल्या बायका, हे सगळे त्या घरातच होते. सकाळी दार फोडलं गेलं असतं तरी ते तिथे हजर असतेच. प्रेत सापडताना हजर राहण्यासाठी ज्याला बोलावणं लागतं, तो माणूस घराबाहेरचा असणार. त्यातून डिक्टाफोन उचलून न्यायला काहीतरी पिशवी-पेटी लागते, आणि डॉक्टरच्या हातात बॅग असली तर कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. रेमंड हे उत्तर धरलं तर या फोनला काही अर्थच उरत नाही. माझ्या मैत्रिणीने फोनपुढे लिहिलं होतं, “कोणाचा तरी खोडसाळपणा?” आपल्या उत्तरात न बसणारी गोष्ट तिने बाजूला सारली होती. तिच्या कागदावर बोट ठेवायची वेळ आली ती याच जागी.

दुसरी उरलेली गोष्ट म्हणजे दहा मिनिटं. शेपर्डच्याच सांगण्यानुसार तो नऊला दहा कमी असताना अभ्यासिकेतून निघतो आणि फाटकाशी पोचतो तेव्हा चर्चचं घड्याळ नऊचे टोले देत असतं. हे अंतर पाच मिनिटांचं, असं पॉयरो शेवटी दाखवून देतो. उरलेल्या पाच मिनिटांत शेपर्डने राल्फचे बूट चढवले, खिडकीतून आत शिरला, दार आतून लावलं आणि पुन्हा बाहेर पडला. दोन्ही वेळा वाचकासमोर उघड्यावर ठेवल्या आहेत. त्या वजा करायचं आपल्याला सुचत नाही, कारण गोष्ट सांगणाऱ्याचा हिशेब आपण तपासत नसतो.

म्हणजे पहिली कसोटी अशी: शेवटाआधी थांबा, आणि दुसरा कोणी खुनी धरला तर कोलमडून पडेल असा निदान एक क्लू आहे का, ते बघा. किती क्लू आहेत, याला फारसं महत्त्व नाही.

पण ‘ॲक्रॉइड’च्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण इथे आरोप वेगळा आहे. निवेदकच खोटारडा निघाला तर मग कुठलं वाक्य खरं मानायचं? वेळा त्याच्या, नोंदी त्याच्या. म्हणून दुसरी कसोटी लागते. शेवट माहीत असताना पुन्हा वाचायचं आणि निवेदनातलं प्रत्येक वाक्य नव्या अर्थानेही खरं ठरतं का, ते पाहायचं.

खुनाची जागाच घ्या. ॲक्रॉइड पत्र शेवटपर्यंत वाचायला नकार देतो. मग शेपर्ड सांगतो की पत्र आलं तेव्हा नऊला वीस कमी होते, आणि आपण निघालो तेव्हा नऊला दहा कमी होते, पत्र अजून वाचायचं राहिलेलं होतं. निघताना दाराशी थबकून, काही करायचं राहिलं तर नाही ना, असं त्याने मागे वळून पाहिल्याचंही तो लिहितो. पहिल्या वाचनात हा मित्राची काळजी करणारा माणूस वाटतो. दुसऱ्या वाचनात अंगावर काटा येतो, कारण या दोन वेळांच्या मधल्या दहा मिनिटांत खून झालेला आहे आणि तरी एकही शब्द खोटा नाही. प्रेत सापडल्यावर पार्करला फोन करायला पाठवून, जे थोडंफार करायला हवं होतं ते केलं, असं तो म्हणतो. तेही खरंच आहे. त्याने यंत्र उचललं आणि खुर्ची जागेवर सरकवली!

मला सगळ्यात आवडलेली जागा मात्र त्या फोनची. निवेदन फक्त एवढंच नोंदवतं की फोन वाजला आणि शेपर्ड त्यात काय बोलला. पलीकडून काय सांगितलं गेलं, हे निवेदन सांगतच नाही. पार्करचा फोन होता, खून झालाय, हे शेपर्ड आपल्या बहिणीला, कॅरोलिनला, ओरडून सांगतो. म्हणजे खोटं आहे ते अवतरणचिन्हांच्या आत, एका पात्राने दुसऱ्या पात्राला सांगितलेलं. खरं तर फोन एका जहाजावरच्या कामगाराचा होता. तो गाडी पकडण्याआधी शेपर्डच्याच सांगण्यावरून भलताच निरोप देत होता. पात्रं एकमेकांशी खोटं बोलणारच, रहस्यकथेत ते चालतं. निवेदनाने वाचकाला खोटं सांगितलं तर खेळ संपतो. ख्रिस्तीने ही रेघ ओलांडलेली नाही. गाळलंय पुष्कळ, पण गाळणं आणि खोटं लिहिणं यात फरक आहे. नॉक्सच्या नियमाने तो फरक केला नाही, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

मग शेवट शंभर टक्के कमावलेला आहे का? इथे मी थोडी हात राखून आहे. आवाज ठरलेल्या वेळी सुरू व्हावा म्हणून डिक्टाफोनला जी घड्याळी यंत्रणा जोडलेली असते, तिच्यासाठी वाचकाकडे शेपर्डची ती यंत्रांची आवड सोडून काही नाही. आणि शेपर्ड शेवटच्या प्रकरणात कबुली देतो. कबुली म्हणजे लेखकाने बाहेरून लावलेला शिक्का. तो काढला तर क्लू एकटे किती भार पेलतात? फ्रेंच अभ्यासक पियेर बेयार याने 1998 च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच केलं. पॉयरोचं उत्तर बाजूला ठेवून त्याने त्याच मजकुरातून कॅरोलिनला खुनी ठरवलं. भाऊ तिला वाचवण्यासाठी आळ स्वतःवर घेतो, असा त्याचा युक्तिवाद.

बेयारचं पटो न पटो, त्याच्या उत्तराला तोच प्रश्न विचारता येतो. कॅरोलिनही घराबाहेरची, त्यामुळे फोनचा क्लू तिला रेमंडसारखा सहज बाद करत नाही. पण प्रेत सापडल्यावर खोलीत एकटा होता तो शेपर्ड. सरकलेली खुर्ची आणि नाहीसं झालेलं यंत्र हे तिच्या नावावर लावायचं, तर भावाला साथीदार करावंच लागतं. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिने क्लिप काढलेलं पुस्तक माझ्याकडून परत मागून घेतलं. आता ती कॅरोलिनच्या नावाचा रकाना भरत बसली आहे.