भरलेल्या करावरून पगार

पगारावरून कर काढायला हिशेब शिकलेला कोणीही तयार असतो. कर सांगून पगार विचारला की जरा डोकं खाजवावं लागतं, कारण आता स्लॅबच्या पायऱ्या वरून खाली उतरायच्या असतात.

समजा, एका नोकरदाराने २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत एकूण १,५३,९२० रुपये कर भरला. कर मोजताना उपकर सगळ्यात शेवटी चढतो, म्हणून उलट येताना तो आधी उतरवायचा. त्यासाठी रकमेतून सरळ ४ टक्के वजा करणं ही नेहमीची चूक. उपकर मूळ करावर लागलेला असतो, तेव्हा १.०४ ने भागायचं. येतात १,४८,०००.

आता स्लॅब. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या प्रत्येक ४ लाखांना ५, १०, १५, २० असे दर चढत जातात. म्हणजे ८ लाखांपर्यंत एकूण कर २०,००० होतो, १२ लाखांपर्यंत ६०,०००, १६ लाखांपर्यंत १,२०,००० आणि २० लाखांपर्यंत २ लाख. आपले १,४८,००० शेवटच्या दोन आकड्यांच्या मधे पडतात. १,२०,००० वजा केले की २८,००० उरतात आणि ते २० टक्क्यांच्या पायरीवरचे. म्हणजे त्यामागचं उत्पन्न १,४०,०००. करपात्र उत्पन्न १७,४०,००० झालं. त्यात पगारदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट परत मिळवली की ढोबळ पगार १८,१५,०००.

खरी गंमत कर कमी असला की होते. कोणी ४६,८०० रुपये भरले असतील, तर उपकर काढून ४५,००० उरतात आणि स्लॅबप्रमाणे उत्पन्न येतं १०,५०,०००. उत्तर रेखीव आहे, पण अशक्य! कारण १२ लाखांपर्यंत कलम ८७अ ची सूट सगळा कर पुसून टाकते. १२ लाखांच्या किंचित वर गेलेल्याला एकदम ६० हजारांचा फटका बसू नये, म्हणून त्याचा कर १२ लाखांवरच्या वाढीव रकमेपुरताच ठेवतात. त्यामुळे ४५,००० कर म्हणजे उत्पन्न १२,४५,०००, पगार १३,२०,०००. उपकर वगळून कर साधारण ७०,५८८ च्या आत असेल, तर स्लॅब विसरायचे आणि करच १२ लाखांत मिळवायचा. कर शून्य असेल, तर मात्र पगार १२,७५,००० पर्यंत कितीही असू शकतो. तिथे उलटा हिशेब चालतच नाही.

हे सगळं त्या माणसाला पगाराखेरीज दुसरं उत्पन्न नाही, असं धरून. मुदतठेवीचं व्याज असेल, तर ते या उत्तरात पगार म्हणूनच मिसळतं. कंपनी एनपीएसमध्ये भर घालत असेल, तर त्या वजावटीमुळे खरा पगार उत्तरापेक्षा जास्त निघतो. आणि आकडा कापलेल्या टीडीएसचा घ्यायचा नाही. परतावा वजा जाऊन ठरलेला अंतिम कर घ्यायचा.